पश्चावस्था ओळखायची तर एकाच ध्रुवाकडे बघा

*2n = 4 असलेल्या प्राण्याच्या पेशींची चित्रं देऊन प्रत्येकीची अवस्था ओळखा आणि कारण लिहा, असा प्रश्न होता. एका चित्रात चार व्ही दिसत होते, दोन वरच्या ध्रुवाकडे आणि दोन खालच्या. 2n = 4 आणि गुणसूत्रंही चार, म्हणून मी सूत्री विभाजनाची पश्चावस्था लिहिली. उत्तर होतं अर्धगुणसूत्री विभाजनाची पश्चावस्था-२. मध्यावस्थांमध्येही माझा असाच घोळ होतो. अवस्था सगळ्या पाठ आहेत, पण चित्र समोर आलं की काही सुचत नाही. चित्रात नेमकं काय बघायचं?*

*— एक विद्यार्थिनी*

तू ज्या आकड्यावर विसंबलीस, त्यानेच तुला फसवलं. 2n = 4 असलेली पेशी सूत्री विभाजनाच्या पश्चावस्थेत असेल तर तिच्यात चार नव्हे, आठ गुणसूत्रं दिसायला हवीत. चार वर, चार खाली. हे एकदा नीट समजलं की तुझा अर्धा घोळ इथेच मिटेल, म्हणून आधी मोजायचं कसं ते बघू.

गुणसूत्रं मोजायची म्हणजे गुणसूत्रबिंदू मोजायचे. फुलीसारखं दिसणारं गुणसूत्र कितीही जाडजूड काढलेलं असो, त्याच्या दोन्ही क्रोमॅटिड, म्हणजे अर्धगुणसूत्रं, एकाच बिंदूशी जोडलेल्या असतात, त्यामुळे ते एकच गुणसूत्र. बरीच मुलं भुजा मोजतात आणि एका फुलीची दोन किंवा चार गुणसूत्रं करून बसतात. सूत्री विभाजनाच्या मध्यावस्थेत तुझ्या पेशीत चार फुल्या असतात, म्हणजे चार गुणसूत्रं आणि आठ क्रोमॅटिड. पश्चावस्था सुरू होते तेव्हा प्रत्येक फुलीच्या दोन क्रोमॅटिड बिंदूपाशी सुटतात आणि त्या क्षणापासून प्रत्येक क्रोमॅटिड स्वतंत्र गुणसूत्र म्हणून मोजली जाते. नवीन डीएनए तयार झालेला नाही, तो तर विभाजनापूर्वीच दुप्पट झाला होता. तरीही गुणसूत्रांची संख्या चाराची आठ होते. पेशीचे दोन भाग झाल्यावर प्रत्येकीच्या वाट्याला पुन्हा चार येतात.

आता अर्धगुणसूत्री विभाजनात काय होतं ते बघ. भाग-१ च्या पश्चावस्थेत बिंदू फुटत नाहीत. जोडीतली दोन सजातीय गुणसूत्रं एकमेकांपासून दूर जातात, पण प्रत्येक गुणसूत्र दोन क्रोमॅटिडसकट, अख्खं जातं. म्हणून पेशीत एकूण चारच गुणसूत्रं राहतात, दोन या ध्रुवाकडे, दोन त्या ध्रुवाकडे. पुढे भाग-२ मध्ये प्रत्येक पेशीत दोनच गुणसूत्रं असतात. पश्चावस्थेत त्यांचे बिंदू फुटतात, दोनाची चार होतात आणि पुन्हा दोन-दोन अशी वाटणी होते.

म्हणजे चार हा आकडा सूत्री विभाजनाच्या मध्यावस्थेत आहे, मध्यावस्था-१ मध्ये आहे, पश्चावस्था-१ मध्ये आहे आणि पश्चावस्था-२ मध्येही आहे. तो नाही नेमका तिथे, जिथे तू तो धरलास. अख्ख्या पेशीतल्या संख्येची 2n शी तुलना करून उत्तर ठरवण्यात हाच धोका आहे.

पश्चावस्थेच्या चित्रात म्हणून एकच ध्रुव निवडायचा, दुसरा हवा तर तळहाताखाली झाकायचा, आणि त्या एका बाजूला किती गुणसूत्रं आहेत आणि प्रत्येक एकेरी आहे की दुहेरी, एवढंच बघायचं. 2n = 4 साठी तीनच शक्यता उरतात. एका बाजूला चार एकेरी असतील तर सूत्री विभाजन. दोन दुहेरी असतील तर पश्चावस्था-१. दोन एकेरी असतील तर पश्चावस्था-२. तिन्ही उत्तरं एकमेकांपासून वेगळी आहेत, कुठेही आकडा जुळून फसवत नाही. तुझ्या चित्रात एका बाजूला दोन व्ही होते आणि प्रत्येक व्ही एकाच धाग्याचा होता. तिसरी शक्यता, दुसरं काही असूच शकत नाही.

याच उत्तराची दुसऱ्या बाजूने खात्री करता येते, आणि ती करावी, कारण काही प्रश्नांत 2n दिलेलंच नसतं. गुणसूत्रांच्या लांबीकडे बघ. सूत्री विभाजनात प्रत्येक ध्रुवाकडे मूळ पेशीचा पूर्ण संच जातो, म्हणून तिथे दोन लांब आणि दोन आखूड अशी प्रत्येक लांबी दोनदा दिसते. भाग-२ मध्ये जोड्या आधीच फुटलेल्या असतात, म्हणून प्रत्येक लांबी एकदाच दिसते: एक लांब, एक आखूड. तुझ्या चित्रातही वर एक लांब, एक आखूड असंच असणार.

दुहेरी आणि एकेरी यांत मुलं अडखळतात, आणि त्याला चित्राची पद्धत बऱ्याच अंशी जबाबदार आहे. सूत्री विभाजनाच्या पश्चावस्थेत तुर्कतंतू बिंदूला ओढतात, बिंदू पुढे आणि भुजा मागे फरफटत, त्यामुळे व्ही तयार होतो. त्याचं टोक ध्रुवाकडे आणि उघडी बाजू पेशीच्या मध्याकडे. पश्चावस्था-१ मध्येही बिंदूच पुढे असतो, पण त्याच्यामागे दोनऐवजी चार भुजा असतात. काही चित्रांत त्या दोन क्रोमॅटिड चिकटून, एकात एक बसलेल्या दोन व्हींसारख्या काढतात. काहींत भुजा फाकलेल्या असतात. काहींत नुसती फुली काढून मोकळे होतात. तिन्ही चित्रांचा अर्थ एकच. बिंदूतून निघणाऱ्या भुजा मोज: दोन असतील तर गुणसूत्र एकेरी, चार असतील तर दुहेरी.

भुजा फाकलेल्या का दिसतात, याचं कारण समजलं की ते चित्र विसरत नाही. दोन क्रोमॅटिडना एकत्र धरून ठेवणारी कोहेसिन नावाची प्रथिनं असतात. पश्चावस्था-१ सुरू होताना सेपरेझ हे विकर भुजांवरचं कोहेसिन तोडतं. बिंदूजवळच्या कोहेसिनला मात्र शुगोशिन या प्रथिनाचं संरक्षण असतं, ते टिकून राहतं. म्हणून भुजा सुट्या होतात आणि बिंदू जोडलेला राहतो. तेच उरलेलं कोहेसिन पश्चावस्था-२ मध्ये तुटतं आणि मग क्रोमॅटिड वेगळ्या होतात. भुजा सुट्या झाल्या की सजातीय गुणसूत्रांना बांधून ठेवणारे कायझ्माही मोकळे होतात, नाहीतर जोडी सुटलीच नसती.

व्ही या आकाराविषयी एक सावधगिरी. व्ही दिसायला बिंदू गुणसूत्राच्या मध्यावर असावा लागतो. तो थोडा बाजूला असला की आकार एल किंवा जे सारखा होतो, टोकाजवळ असला की नुसती काडी दिसते. त्यामुळे व्ही नाही म्हणजे पश्चावस्था नाही, हा निष्कर्ष चुकीचा. आणि व्ही आहे म्हणजे सूत्री विभाजन, हाही तितकाच चुकीचा. आकारावरून फक्त बिंदू कुठे आहे ते कळतं. विभाजन कोणतं ते संख्या, दुहेरीपणा आणि लांबीच्या जोड्या सांगतात.

आता मध्यावस्था. इथे ‘मधोमध रांग’ एवढंच लक्षात ठेवून भागत नाही, कारण रांग तिन्ही मध्यावस्थांत असते. बघायचं ते बिंदूंचं स्थान. विषुववृत्तीय प्रतल म्हणून चित्राच्या मधोमध पेन्सिलीने एक पुसट रेघ ओढ. बिंदू नेमके त्या रेघेवर बसत असतील तर ते सूत्री विभाजन किंवा मध्यावस्था-२. बिंदू रेघेच्या दोन्ही अंगांना असतील, एक वर आणि त्याचा जोडीदार खाली, तर ती मध्यावस्था-१. तिथे रेघेवर येते ती जोडी, आणि जोडीतलं प्रत्येक गुणसूत्र आपापल्या ध्रुवाकडे तोंड करून असतं. बिंदूंच्या मधली जागा आणि कायझ्मा रेघेजवळ असतात.

तुर्कतंतू काढलेले असतील तर हेच आणखी स्पष्ट दिसतं. मध्यावस्था-१ मध्ये एका गुणसूत्राला एकाच ध्रुवाकडून तंतू येतात, दुसऱ्या ध्रुवाचे तंतू त्याच्या सजातीय जोडीदाराला जातात. बाकी दोन्ही मध्यावस्थांत एकाच बिंदूला दोन्ही ध्रुवांकडून तंतू जोडलेले असतात. चित्र आडवं असलं, म्हणजे ध्रुव डावीकडे-उजवीकडे असले, की ‘दोन ओळी’ आणि ‘एक ओळ’ ओळखण्यात घोटाळा होतो. अशा वेळी तंतूंचा माग काढणं जास्त खात्रीचं. चित्र फिरवून ध्रुव वर-खाली आणलेस तरी चालेल.

बिंदू रेघेवर असतील तर सूत्री विभाजन की मध्यावस्था-२, हे पुन्हा लांबी ठरवते. चार फुल्या, दोन लांब आणि दोन आखूड: जोडीदार पेशीत आहेत पण एकमेकांची दखल न घेता स्वतंत्र उभे आहेत, म्हणून सूत्री विभाजन. दोन फुल्या, एक लांब आणि एक आखूड: जोडीदार पेशीतच नाहीत, म्हणून मध्यावस्था-२.

समज, 2n दिलेलं नाही आणि रेघेवर चार फुल्या आहेत. त्यात दोन-दोन सारख्या लांबीच्या असतील तर 2n = 4 असलेल्या पेशीचं सूत्री विभाजन. चारही वेगवेगळ्या लांबीच्या असतील तर 2n = 8 असलेल्या प्राण्याची मध्यावस्था-२. फुल्या चारच, रांग तीच, पण उत्तर वेगळं. प्रश्न काढणाऱ्याला हा सापळा आवडतो आणि लांबी न बघता आकडा बघणारं प्रत्येक मूल त्यात सापडतं.

रंगांचं काय? बहुतेक चित्रांत एक गडद, एक फिकट असं काढतात: एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. एखाद्या गुणसूत्राच्या भुजेचं टोक दुसऱ्या रंगाचं दिसलं तर जनुकीय विचरण, म्हणजे क्रॉसिंग ओव्हर, होऊन गेलं आहे आणि पेशी पूर्वावस्था-१ च्या उत्तरार्धात किंवा त्यापुढे आहे. हा पुरावा भक्कम आहे. पण उलट दिशेने त्याचा उपयोग करू नकोस. टोकांचे रंग बदललेले नाहीत म्हणून अर्धगुणसूत्री विभाजन नाही, असं म्हणता येत नाही, कारण सोपं चित्र काढायचं म्हणून क्रॉसिंग ओव्हर अनेकदा गाळतात.

आता हे सगळं वेगळ्या आकड्यावर चालवून बघू. 2n = 6, तीन लांबी: लांब, मध्यम, आखूड. चार चित्रं आहेत.

चित्र ‘क’ मध्ये रेघेवर सहा फुल्या आहेत, बिंदू रेघेवर, प्रत्येक लांबी दोनदा. सूत्री विभाजनाची मध्यावस्था. यात अडण्यासारखं काही नाही.

चित्र ‘ख’ मध्ये एका ध्रुवाकडे तीन गुणसूत्रं आहेत, तिन्ही वेगळ्या लांबीची, प्रत्येकाच्या बिंदूतून दोन भुजा. पूर्ण पेशीत सहा आहेत, आणि 2n ही सहाच, म्हणजे तुझ्या प्रश्नातलाच सापळा. सूत्री विभाजन असतं तर एका बाजूलाच सहा दिसले असते. तीन आणि एकेरी, म्हणून पश्चावस्था-२.

चित्र ‘ग’ मध्ये रेघेवर तीन फुल्या आहेत. इथे लांबी बघायच्या आधीच एक खूण मिळते: संख्या विषम आहे. सजातीय जोड्या पूर्ण असत्या तर संख्या सम आली असती. तिन्ही फुल्या वेगळ्या लांबीच्या आहेत, बिंदू रेघेवर आहेत. मध्यावस्था-२.

चित्र ‘घ’ सर्वांत जास्त चुकतं. एका ध्रुवाकडे तीन गुणसूत्रं, तिन्ही वेगळ्या लांबीची, हे ‘ख’ सारखंच. फरक एकच, की प्रत्येक बिंदूतून चार भुजा निघतात. गुणसूत्रं दुहेरी आहेत, म्हणून पश्चावस्था-१. घाईत मुलं इथे पश्चावस्था-२ लिहितात, कारण ‘संख्या निम्मी झाली म्हणजे भाग-२’ असं त्यांच्या डोक्यात असतं. संख्या निम्मी होते ती भाग-१ मध्येच. भाग-२ मध्ये निम्मी झालेली संख्या तशीच राहते, फक्त गुणसूत्रं दुहेरीची एकेरी होतात.

पूर्वावस्था आणि अंत्यावस्था याच निकषांवर ओळखता येतात, त्यांच्यावर फार वेळ घालवायला नको. सजातीय गुणसूत्रं एकमेकांना बिलगलेली किंवा कायझ्मापाशी गुंतलेली दिसली की पूर्वावस्था-१. सुटी, विखुरलेली आणि प्रत्येक लांबी दोनदा असेल तर सूत्री विभाजनाची पूर्वावस्था, एकदाच असेल तर पूर्वावस्था-२. अंत्यावस्थेत दोन नव्या केंद्रकांपैकी एकातच बघायचं, पश्चावस्थेत एक ध्रुव बघितलास तसं. शेजारी-शेजारी दोन पेशी काढल्या आहेत एवढ्यावरून मात्र भाग-२ म्हणू नकोस. सूत्री विभाजन संपल्यावरही शेजारी दोन पेशीच असतात.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. प्रत्येक लांबी एकदाच दिसली म्हणून भाग-२, हे द्विगुणित शरीरापुरतं खरं आहे. मॉसची हिरवी, पानांसारखी दिसणारी वनस्पती एकगुणित असते आणि तिच्या पेशी सूत्री विभाजनानेच वाढतात. नर मधमाशीही एकगुणित असते, n = 16. अशा पेशीच्या पश्चावस्थेत एका ध्रुवाकडे प्रत्येक लांबी एकदाच दिसेल आणि गुणसूत्रं एकेरीही असतील, म्हणजे चित्र हुबेहूब पश्चावस्था-२ सारखं. फक्त चित्रावरून हा फरक सांगता येत नाही. तो प्रश्नाच्या वाक्यात असतो, म्हणून चित्राकडे वळण्याआधी पेशी कोणाची, कुठल्या भागातली आणि 2n किती, हे शब्द अधोरेखित करून ठेव. विषम संख्येच्या खुणेलाही असाच अपवाद आहे. बऱ्याच जातींच्या नर नाकतोड्यांत एकच X गुणसूत्र असतं, दुसरं लैंगिक गुणसूत्र नसतंच, त्यामुळे त्यांची द्विगुणित संख्याच विषम येते, उदाहरणार्थ 23. तसंच X आणि Y ची लांबी वेगळी असल्यामुळे ती जोडी सारखी दिसत नाही. साध्या प्रश्नांत हे टाळलेलं असतं, पण नाकतोड्याच्या वृषणाचं चित्र दिलं असेल तर लक्षात ठेव.

उती कोणती दिली आहे याने मदत होते, पण ती एका बाजूनेच. कांद्याच्या मुळाचं टोक म्हटलं की सूत्री विभाजनच, तिथे अर्धगुणसूत्री विभाजन होत नाही. परागकोश किंवा वृषण म्हटलं तर मात्र दोन्ही शक्य आहेत, कारण जनन पेशी तयार करणाऱ्या पेशी आधी सूत्री विभाजनाने आपली संख्या वाढवतात. ‘वृषण’ हा शब्द वाचून उत्तर लिहून टाकलं आणि चित्रात एका बाजूला पूर्ण संच होता, असं होऊ शकतं.

कारण लिहिताना ‘गुणसूत्रं ध्रुवांकडे जात आहेत’ एवढंच लिहिलंस तर ते तिन्ही पश्चावस्थांना लागू पडतं, त्यातून निवड सिद्ध होत नाही. वाक्यात निवड करणाऱ्या दोन गोष्टी हव्यात. तुझ्या चित्रासाठी असं लिहिता आलं असतं: ‘प्रत्येक ध्रुवाकडे दोन गुणसूत्रं जात असून ती एकेरी आहेत, म्हणजे क्रोमॅटिड वेगळ्या झाल्या आहेत, आणि प्रत्येक ध्रुवाकडे सजातीय जोडीतलं एकच गुणसूत्र आहे, म्हणून पश्चावस्था-२.’ पहिल्या अर्ध्या वाक्याने पश्चावस्था-१ बाद होते, दुसऱ्याने सूत्री विभाजन.

सरावासाठी उलटा प्रश्न स्वतःला घाल: 2n = 6 साठी पश्चावस्था-१ काढ. प्रत्येक बाजूला तीन दुहेरी गुणसूत्रं, प्रत्येक लांबीचं एक, बिंदू ध्रुवाकडे आणि चार-चार भुजा मागे. रंग कोणता कुठे द्यायचा यावर अडू नकोस. प्रत्येक जोडी कोणत्या बाजूला तोंड करेल हे दुसऱ्या जोडीवर अवलंबून नसतं, त्यामुळे तीन जोड्यांसाठी एका ध्रुवाकडे 2 × 2 × 2 = 8 प्रकारचे संच जाऊ शकतात आणि त्यातलं कोणतंही काढलंस तरी बरोबरच. तपासायचं एवढंच, की वर गडद लांब गुणसूत्र काढलं असशील तर खाली फिकट लांब आलं आहे ना.